‘पिशवीला सूज’ असं रिपोर्टमधे लिहिलंय कुठे?

‘मॅडम, वय ३८, दोन मुलं, दोन्ही डिलिव्हऱ्या नॉर्मल. पाळी २८-२९ दिवसांनी येते. गेल्या महिन्यात उजवीकडे खाली ओटीपोटात दोन दिवस दुखलं म्हणून पाळीच्या सतराव्या दिवशी सोनोग्राफी केली. रिपोर्टमधे आहे: यूटेरस बल्की, ९.६ बाय ५.४ बाय ५.० सें.मी., एंडोमेट्रियम ९ मि.मी., सर्व्हिक्समधे दोन-तीन नॅबोथियन सिस्ट, मोठी ८ मि.मी.ची, उजव्या ओव्हरीत कॉर्पस ल्युटियम, पीओडीमधे मिनिमल फ्री फ्लुइड. दुखणं आपोआप थांबलं. पण जिथे रिपोर्ट दाखवला तिथे पिशवीला सूज आहे, पाणी झालंय म्हणून गोळ्यांचा कोर्स दिला. नणंद म्हणते गाठी आहेत तर पिशवी काढूनच टाक, मीपण काढली, नाहीतर पुढे कॅन्सर होतो. अंगावरून पांढरंही जातं थोडं. वर्षभर पाळीत जास्त जातंय, गाठी पडतात, पण ते वयामुळे असेल. खरंच काढावी लागेल का?’

पत्रातलं सगळ्यात कामाचं वाक्य तुम्ही अगदी शेवटी टाकलंय, आणि तेही ‘पण’ लावून वाटेला लावलंय. त्याच्याकडे मी येणारच आहे, पण आधी बाकीच्या गोष्टी एकेक करून बाजूला काढू, कारण त्या डोक्यात घोंघावत असताना दुसरं काही ऐकू येत नाही.

मी सोनोग्राफी करते, म्हणजे तुमच्या हातात जो कागद आला तसे कागद लिहिण्यातच माझी बरीच वर्षं गेली. त्यामुळे आमची एक खोड आधीच कबूल करते. आम्हाला जे दिसतं ते सगळं आम्ही लिहून टाकतो, कारण न लिहिलेलं उद्या अंगाशी येऊ शकतं, लिहिलेलं सहसा येत नाही. मग जन्मभर काही न करणारी ८ मि.मी.ची सिस्ट आणि खरोखर ऑपरेशनची गाठ, दोघी एकाच टाइपात एकाच ओळीच्या उंचीवर येऊन बसतात. ‘हे दिसलं’ एवढंच आम्ही म्हणालेलो असतो, आणि घरी पोचेपर्यंत त्याचं ‘हे झालंय’ होतं.

पाण्यापासून सुरू करू, कारण तुमच्या रिपोर्टमधली गोष्ट तिथून नीट उलगडते.

तुमचा कागद माझ्या हातात आला असता तर सेंटिमीटर मिलिमीटर बघायच्या आधी मी पाळीची तारीख विचारली असती. सतरावा दिवस. २८-२९ दिवसांचं चक्र म्हणजे अंडं साधारण चौदाव्या-पंधराव्या दिवशी फुटणार, आणि तुमचं दुखणं सुरू झालं तेही तेव्हाच, उजवीकडे. आता रिपोर्टमधलं कॉर्पस ल्युटियम बघा, तेही उजव्याच ओव्हरीत. तुम्हाला ती बहुतेक आणखी एक गाठ वाटली असेल (नावच तसं भारदस्त आहे), पण अंडं बाहेर पडल्यावर मागे जी रिकामी पिटुकली पिशवी उरते आणि पुढचे दोन आठवडे हार्मोन बनवते, ती ही. ती दर महिन्याला होते आणि पाळी येईपर्यंत आटते. म्हणजे त्या महिन्यात तुमचं अंडं उजवीकडून फुटलं, फुटताना दुखलं, आणि आम्ही दोन दिवसांनी मशीन लावून त्याचा पंचनामा केला, इतकीच ती गोष्ट.

आणि पाणी? फुटायच्या वेळी ज्या फुग्यात अंडं असतं तो साधारण २० मि.मी.चा असतो. २० मि.मी.च्या गोळ्यात चार मि.ली.च्या थोडं वर पाणी मावतं, चहाचा चमचा पूर्ण भरणार नाही इतकं. फुगा फुटला की ते पोटात सांडतं, शिवाय ओव्हरीच्या पृष्ठभागावरून थोडं पाझरतं. पोटातली सगळ्यात खोल जागा पिशवीच्या मागे, पिशवी आणि गुदाशय यांच्या मधे असते, तिथे ते जाऊन साचतं. जेम्स डग्लस नावाच्या स्कॉटिश शरीरशास्त्रज्ञाने पोटाच्या आतल्या अस्तराचं वर्णन १७३० साली छापलं, त्याच्या नावावरून या जागेला पाउच ऑफ डग्लस म्हणतात, तेच तुमचं पीओडी. चमचा-दोन चमचे पाणी तिथे दिसणं हे पाळी सुरू असलेल्या बाईत इतकं नेहमीचं आहे की महिन्याच्या मधोमध केलेल्या सोनोग्राफीत ते दिसलं तर मला काही वाटत नाही. पाळीच्या दिवसातही दिसतं, कारण थोडं रक्त नळ्यांमधून उलटं पोटात जातंच.

एक गैरसमज इथेच मोडू. हे पाणी पिशवीत झालेलं नाही, पिशवीच्या बाहेर मागच्या बाजूला आहे. पिशवीचा आणि त्याचा संबंध शेजाऱ्याइतका. ते काढावं लागत नाही, त्याला वाट लागत नाही, शरीर आपोआप शोषून घेतं. अंगावरून जे पांढरं जातं ते हे पाणी नव्हे, मधे अख्खी भिंत आहे.

मग पाण्याची काळजी कधी करायची? ‘किती’ याच्या आधी ‘कुणाचं आणि कशाबरोबर’ हे बघतात. पाळी चुकलीय किंवा चमत्कारिक थोडीथोडीच आलीय आणि प्रेग्नन्सी टेस्ट पॉझिटिव्ह आहे, आणि पिशवीत गर्भ दिसत नाहीये पण मागे पाणी आहे, तर ती नळीतली प्रेग्नन्सी असू शकते आणि तेव्हा तासाभराचाही उशीर चालत नाही, विशेषतः चक्कर येत असेल, घाम सुटत असेल किंवा खांद्याच्या टोकाशी दुखत असेल तर. खांदा कुठे आणि ओटीपोट कुठे असं वाटेल, पण पोटात वर चढलेलं रक्त डायफ्रॅमला लागलं की दुखणं खांद्यात जाणवतं. दुसरं, ताप, खाली दाबल्यावर जोरात दुखणं, घाण वासाचं जाणं, असं असेल तर इन्फेक्शन. तिसरं म्हणजे रिपोर्टमधे ‘मिनिमल’ऐवजी ‘मॉडरेट’ किंवा ‘ग्रॉस’ शब्द आहे, पाण्यात कण दिसतायत किंवा पाणी वर लिव्हरपर्यंत पोचलंय. कुटुंबनियोजनाचं ऑपरेशन झालेलं असलं तरी पाळी पुढे गेली आणि पोटात दुखतंय तर टेस्ट करायचीच, ऑपरेशन फसून प्रेग्नन्सी राहणं विरळा, पण राहिलीच तर ती नळीत असण्याचा संभव जास्त.

तुमच्यात यातलं काहीच नाही. मग गोळ्यांचा कोर्स कशाला होता? बहुतेक ती अँटिबायोटिक्स असणार, आणि ती देताना कोणी तुम्हाला टेबलवर घेऊन तपासलं का, हे तुम्ही लिहिलेलं नाही. ओटीपोटातलं इन्फेक्शन हातानेच पकडलं जातं, आतून तपासताना पिशवीचं तोंड हलवलं की पेशंट कळवळते. नुसत्या कागदावर दोन ओळी वाचून ते ठरवता येत नाही. कोर्स संपला असेल तर विषय सोडा. चालू असेल तर माझ्या सांगण्यावरून मधेच बंद करू नका, ज्यांनी दिला त्यांना सरळ विचारा, ‘इन्फेक्शनचं कोणतं लक्षण दिसलं?’

आता गाठी. मला वाटतं निम्मी भीती या एका शब्दाची आहे. मराठीत सिस्टही गाठ, फायब्रॉइडही गाठ, कॅन्सरही गाठ, आणि पाळीत पडतात त्याही गाठीच. तुमच्याच पत्रात हा शब्द दोन वेगळ्या अर्थांनी आलाय आणि नणंदबाईंनी दोन्हींची मोट बांधलीय.

नॅबोथियन सिस्ट कशी होते ते बघा, म्हणजे भीतीला जागाच उरणार नाही. पिशवीचं तोंड, म्हणजे सर्व्हिक्स, त्याच्या आतल्या बाजूला नाजूक पेशींचा एक थर असतो आणि त्या सतत बुळबुळीत स्राव बनवतात. बाहेरच्या बाजूला मात्र योनीत असतं तसं जाड, अनेक थरांचं आवरण असतं. दोघांची सीमा वयाप्रमाणे, बाळंतपणाप्रमाणे सरकत राहते, आणि सरकताना बाहेरचं जाड आवरण आतल्या नाजूक भागावर पसरतं. एखाद्या ग्रंथीचं तोंड त्याखाली बुजलं तरी आतला झरा काही थांबत नाही, मग स्राव साठून मण्याएवढा फुगा होतो, संपलं. बहुतेक काही मि.मी.चे असतात, सेंटिमीटरभर होतात, क्वचित त्याहून मोठे. आतून बघताना पांढरट-पिवळसर टपोरे दाणे दिसतात. दोन बाळंतपणं झालेल्या बाईच्या सर्व्हिक्सवर ते इतक्या वेळा दिसतात की मी ते शोधत नाही, दिसले तर लिहिते एवढंच.

या नावामागेही एक घोटाळा आहे बरं का. मार्टिन नॅबोथ हा लाइपत्सिगचा डॉक्टर, त्याने १७०७ मधे याचं वर्णन केलं आणि त्याला वाटलं की हीच बाईची अंडी, इथे साठवून ठेवलेली. पुढे कितीतरी काळ त्यांना नॅबोथची अंडी असंच म्हणायचे. तीनशे वर्षांपूर्वीही हे दाणे बघून लोकांनी भलताच अर्थ काढला होता, म्हणून तुमच्या नणंदेला मी दोष देत नाही.

पांढरं जाण्याचा संबंध या सिस्टशी लावणं तर मुळातच उलटं आहे. सिस्ट झाली ती तोंड बंद झालं म्हणून. ज्याचं तोंड बंद आहे त्यातून गळणार काय? महिन्याच्या मधोमध पातळ, ताणलं तर तार येणारं, बिनवासाचं जात असेल तर ते अंडं फुटण्याच्या वेळचं नेहमीचं जाणं. खाज, जळजळ, वास, हिरवट-पिवळा रंग, दह्यासारखे तुकडे, यातलं काही असेल तर तपासून घ्या, त्याला इलाज आहे, पण तो सिस्टचा इलाज नसेल. या सिस्ट फोडायच्या नाहीत, जाळायच्या नाहीत, दर सहा महिन्यांनी मोजायच्याही नाहीत. कॅन्सरमधे त्यांचं रूपांतर होत नाही. एक फार विरळा कॅन्सर असा असतो की जो सर्व्हिक्समधे खोलवर सिस्टचा घोस घेऊन येतो, पण त्यात सिस्टच्या मधे भरीव भाग दिसतो आणि बाईला बहुतेकदा पाण्यासारखं भरपूर जात असतं, पॅड भिजेल इतकं. तुमच्या दोन-तीन सुट्या सिस्टशी त्याचा संबंध नाही.

कॅन्सरची आठवण निघालीच आहे तर एक विचारते. पॅप टेस्ट किंवा एचपीव्ही टेस्ट कधी केलीय? पत्रात उल्लेख नाही, म्हणजे बहुतेक नाही. सर्व्हिक्सच्या कॅन्सरच्या आधीचे बदल पेशींमधे असतात, सोनोग्राफीत ते दिसतच नाहीत, सिस्ट असो वा नसो. जागतिक आरोग्य संघटना तिशीपासून दर ५ ते १० वर्षांनी एचपीव्ही टेस्ट सांगते. भीती सिस्टची आणि टेस्ट मात्र राहिलेली, हे मी रोज बघते. संबंधांनंतर रक्त दिसत असेल तर टेस्टची वाटही बघू नका, आधी डॉक्टरांकडून आतून बघून घ्या.

हां, आता बल्की. इथे मी जरा रेंगाळणार आहे.

बल्की म्हणजे आकाराने मोठी किंवा भरलेली. त्याचं मराठीत ‘सूज’ कोणी केलं कोण जाणे, पण इतकं रुजलंय की डॉक्टरसुद्धा पेशंटला समजावं म्हणून तेच बोलतात. आणि सूज म्हटलं की पुढचं सगळं ओघाने येतं, सूज म्हणजे इन्फेक्शन, इन्फेक्शन म्हणजे गोळ्या, गोळ्यांनी नाही उतरली तर ऑपरेशन. मूळ शब्दात यातलं काही नाही. तुमच्या रिपोर्टमधे सूज नाही, मापं आहेत.

मूल न झालेल्या बाईची पिशवी तोंडासकट साधारण ७ सें.मी. लांब. दोन-तीन बाळंतपणांनंतर ८-९, कधी १०. बाळंतपणाच्या वेळी जी पिशवी किलोभर वजनाची होते ती सहा आठवड्यात बऱ्यापैकी जागेवर येते, पण पहिल्याइतकी लहान परत होत नाही. मग बल्की कुठून म्हणायचं? ठरलेली एक रेष नाही. कोणी ९ च्या पुढे लिहितं, कोणी १० च्या पुढे, कोणी बाळंतपणं विचारतही नाही. त्यात दोन वेगळ्या हातांनी मोजलं तर पाच-सहा मि.मी. सहज इकडचे तिकडे. माझ्या आकड्यांकडे संशयाने बघण्याचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे.

तर ९.६ या लांबीने मी हलले नसते. ५.० वर मात्र थोडी थांबले असते. ती जाडी आहे, पुढून मागे. बाळंतपणं झालेली पिशवीही साधारण ४ ते ५ असते, म्हणजे तुमची वरच्या टोकाला आहे, किंचित गोलाईकडे झुकणारी. एकट्या या आकड्याला काही अर्थ नाही. पण वर्षभर जास्त जातंय, गाठी पडतायत, हे शेजारी ठेवलं की मी मशीन बंद न करता परत एकदा भिंती बघितल्या असत्या.

काय बघितलं असतं सांगते. पिशवी मोठी दिसण्याची नेहमीची कारणं थोडीच आहेत. झालेली बाळंतपणं, पाळी जवळ आलेली असणं, लवकरची प्रेग्नन्सी, हे साधे प्रकार. मग फायब्रॉइड, आणि अ‍ॅडिनोमायोसिस. फायब्रॉइड मातीत दगड रुतावा तसा असतो, गोल, कडा स्पष्ट, इथून इथपर्यंत म्हणून मोजता येतो, आणि असला तर रिपोर्टमधे मापासकट लिहिला जातो. तुमच्या रिपोर्टमधे नाहीये. अ‍ॅडिनोमायोसिस मात्र भिंतीत ओल मुरल्यासारखं असतं. पिशवीचं आतलं अस्तर, जे पाळीत झडतं, त्याच्या ग्रंथी स्नायूच्या भिंतीत शिरतात आणि भिंत जाडसर होते. कडा नसते, त्यामुळे घाईत केलेल्या, पोटावरून केलेल्या सोनोग्राफीत ते निसटतं, आणि मग आम्ही बल्की लिहून मोकळे होतो. नीट बघितलं तर पुढची आणि मागची भिंत सारखी जाड नसते, भिंतीत बारीक बारीक काळे ठिपके दिसतात, पंख्याच्या काड्यांसारख्या सावल्या पडतात, अस्तर आणि भिंत यांची सीमा पुसट होते. हा आजार बहुतेक पस्तिशी-चाळिशीत, बाळंतपणं झालेल्या बायकांमधे दिसतो, जास्त जाणं आणि पाळीत दुखणं ही त्याची लक्षणं, आणि बऱ्याच जणींना असूनही काहीच त्रास नसतो. कॅन्सर नाही तो. पाळी गेल्यावर बहुतेक शांत होतो.

तुम्हाला तो आहे असं मी म्हणत नाहीये, कागदावरून म्हणूच शकत नाही. पण तुमच्या प्रकरणात विचारण्यासारखा प्रश्न हाच आहे, आणि तो ‘बल्की’ या शब्दाने उभा केलेला नाही, तुम्ही वयावर ढकललेल्या रक्तस्रावाने उभा केलाय.

अडतिसाव्या वर्षी पाळीत जास्त जाणं वयाचं नसतं. नेहमीच्या भाषेत ‘जास्त’ म्हणजे काय ते डॉक्टरांना कळत नाही, म्हणून मोजून सांगा. दर तासा-दोन तासांनी पॅड पूर्ण भिजतं का आणि असं सलग काही तास चालतं का, रात्री बदलायला उठावं लागतं का, डबल पॅड लावावी लागतात का, गाठी अडीच सें.मी.पेक्षा मोठ्या पडतात का, सात दिवसांच्या वर चालतं का. यातली दोन-तीन उत्तरं ‘हो’ आली तर ते जास्तच. हिमोग्लोबिन करून घ्या, १२ च्या खाली म्हणजे अ‍ॅनिमिया. १२ च्या वर आलं तरी सोबत फेरिटिन करा, कारण शरीरातला लोहाचा साठा आधी रिकामा होतो आणि हिमोग्लोबिन नंतर पडतं. जिना चढताना धाप लागणं, केस गळणं, संध्याकाळी पाय ओढत चालणं, या सगळ्याला ‘हल्ली थकवाच येतो’ म्हणून बायका वर्षानुवर्षं काढतात. तेही वयाच्याच खात्यात टाकलेलं असतं.

सोनोग्राफी परत करायची, पण लगेच नको. पुढची पाळी येऊ द्या आणि थांबली की साधारण पाचव्या ते दहाव्या दिवसात करा, योनीमार्गे, लघवी करून. त्यावेळी अस्तर पातळ असतं, मागचं पाणी आणि कॉर्पस ल्युटियम बहुतेक नाहीसं झालेलं असतं, आणि भिंती सगळ्यात स्वच्छ दिसतात. सतराव्या दिवशीचं ९ मि.मी. अस्तर त्या दिवसाला अगदी नॉर्मल होतं, पण पाळीनंतर लगेचही ९-१० असेल, किंवा आत एखाद्या जागी पुढे आलेलं काही दिसत असेल, तर पॉलिप आहे का बघतील. टेबलवर जायच्या आधी करणाऱ्यांना दोन गोष्टी तोंडाने सांगा, ‘पाळीत जास्त जातंय’ आणि ‘अ‍ॅडिनोमायोसिस आहे का ते बघा’. नुसतं ‘पोटात दुखतंय’ सांगितलेल्या पेशंटची आणि हे सांगितलेल्या पेशंटची सोनोग्राफी वेगळी होते. व्हायला नको, पण होते.

आता नणंदबाई. त्यांची का काढली हे तुम्हाला नक्की माहितीय का? खूप जणींना स्वतःलाही माहीत नसतं, ‘सूज होती’ एवढंच सांगता येतं. पिशवी काढण्याची खरी कारणं आहेत, औषधांना दाद न देणारं अंगावर जाणं, मोठे फायब्रॉइड, अ‍ॅडिनोमायोसिसचं असह्य दुखणं, कॅन्सर किंवा त्याच्या आधीचे बदल. त्या कारणांसाठी काढली की बाईचं आयुष्य सुधारतं, हे मी बघितलंय. पण ते ऑपरेशन तक्रारीवर असतं, रिपोर्टमधल्या शब्दावर नसतं. जास्त जाण्यावर त्याच्या आधी बऱ्याच पायऱ्या आहेत. फक्त पाळीच्या दिवसांत घ्यायची ट्रॅनेक्झॅमिक अ‍ॅसिडची गोळी, हार्मोनच्या गोळ्या, पिशवीत बसवायची हार्मोनची कॉपर-टीसारखी वस्तू जी काही वर्षं चालते आणि अ‍ॅडिनोमायोसिसमधेही चांगला गुण देते. कोणती तुम्हाला चालेल हे रक्ताच्या गुठळ्यांचा इतिहास, बीपी, मायग्रेन, अजून मूल हवंय का यावर ठरेल, ते तपासणाऱ्या डॉक्टरवर सोडा. अस्तराचा तुकडा तपासायला सांगितलं तर घाबरू नका, पंचेचाळिशीच्या पुढे, किंवा वजन जास्त, पीसीओएस, पाळी अनियमित असेल, किंवा औषधांनी फरक पडत नसेल तर तो तपासतातच. तुमच्या वयाला, पाळी वेळेवर येत असताना, ती सहसा पहिली पायरी नसते. आणि कोणी पिशवीबरोबर ओव्हरीपण काढून टाकू म्हणालं तर ‘का’ हे दोनदा विचारा. अडतिसाव्या वर्षी धडधाकट ओव्हरी काढल्या तर पाळी जाण्याचा सगळा त्रास दुसऱ्या दिवसापासून, आणि हाडांचं आणि हृदयाचं जे संरक्षण अजून दहा-बारा वर्षं मिळालं असतं ते गेलं.

हे वाचणाऱ्या ज्यांची पाळी जाऊन वर्ष उलटलंय, त्यांनी वरचा हिशोब स्वतःला लावू नये. तुमचं अंडं आता फुटत नाही, त्यामुळे मागच्या पाण्याला ते कारण चालत नाही. अगदी किंचित असेल तर ठीक, त्याहून जास्त असेल तर ओव्हरी नीट बघून घ्यायच्या, विशेषतः पोट सतत फुगलेलं वाटत असेल, थोड्याशा खाण्यानेच भरत असेल तर. पाळी गेल्यावर पिशवी आक्रसत जाते, म्हणून तेव्हा ‘बल्की’ लिहिलं असेल तर कारण विचारायचं. आणि पाळी गेल्यावर एक डाग जरी लागला तरी जायचं, अस्तर ४ मि.मी.च्या वर असेल तर तुकडा तपासतातच. नॅबोथियन सिस्ट मात्र त्याही वयात बिनकामाच्याच.

तुम्हाला माझं उत्तर असं की आत्ता हातात असलेल्या कागदावर पिशवी काढण्यासारखं काहीही नाही. पुढची पाळी आली की पहिल्या दिवसापासून कॅलेंडरवर रोज किती पॅड लागले आणि गाठ केवढी पडली ते लिहा, भिजलेल्या पॅडपुढे पूर्ण गोल, अर्ध्यापुढे अर्धा. मधे एखाद्या दिवशी तासाला एक पॅड लागायला लागलं आणि उभं राहिल्यावर डोळ्यांपुढे अंधारी आली तर कॅलेंडर ठेवा बाजूला आणि सरळ हॉस्पिटलला जा. नाहीतर पाळी थांबल्यावर ते पान, हिमोग्लोबिन-फेरिटिनचा कागद आणि नवीन सोनोग्राफी असं घेऊन स्त्रीरोगतज्ज्ञांकडे जा, आणि त्यांनी जुना रिपोर्ट मागितला तरच काढून दाखवा.